साडी 180 डॉलरची, हाती आले 170

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे. एक-दोन गिऱ्हाइकांनी बिटकॉइनबद्दल विचारलं, म्हणून भाच्याच्या मदतीने मी बीटीसीपे सर्व्हर हा बिटकॉइन घेण्याचा प्रोग्रॅम बसवून घेतला. पैसे थेट आपल्या वॉलेटमध्ये येतात, मध्ये कोणी नाही. बिल डॉलरमध्ये टाकायचं, तो त्या क्षणाच्या भावाने बिटकॉइनचा आकडा आणि क्यूआर कोड दाखवतो. तो आकडा पंधरा मिनिटं पक्का राहतो.

पहिली विक्री शुक्रवारी संध्याकाळी झाली. साडी 180 डॉलरची, भाव 60,000, म्हणजे 0.003 बिटकॉइन. ताईंनी लगेच पैसे पाठवले आणि पडद्यावर `Processing` आलं, म्हणजे पैसे निघाले, पण नेटवर्कवर अजून पक्के झाले नव्हते. मी साडी बांधून दिली. ही माझी चूक. त्यांच्या वॉलेटने नेटवर्कची फी फार कमी लावली होती, त्यामुळे व्यवहार रात्रभर लटकला. अशा लटकलेल्या व्यवहाराच्या जागी पाठवणारा दुसरा व्यवहारही टाकू शकतो. ताई भल्या म्हणून निभावलं. पैसे पक्के झाल्याचं `Settled` सकाळी दिसलं. मग नाणी एक्स्चेंजला पाठवा, तिथे पुन्हा कन्फर्मेशनची, म्हणजे व्यवहार पक्का होण्याची, वाट बघा. विकली तेव्हा भाव 57,600 होता. आले 172.80, त्यातून नेटवर्कचे साधारण दोन आणि एक्स्चेंजचा एक डॉलर गेला.

बँकेत पैसे मंगळवारी जमा झाले, पण त्या दिवसांची मला धास्ती नव्हती. विकलं की भावाचा धोका तिथेच संपतो, पुढे फक्त डॉलर प्रवास करतात. खरी जोखीम बिल फाडल्यापासून विकेपर्यंतची. ती कमी करायची, एवढंच मी धरून बसलो.

त्यासाठी लाइटनिंग हे बिटकॉइनवरचं जलद पेमेंटचं नेटवर्क चालू केलं. त्यात पैसे काही सेकंदांत पोचतात आणि पक्के होतात. पहिल्या दिवशी मात्र एकही पेमेंट आलं नाही. लाइटनिंगचे पैसे दोन नोडमधल्या, म्हणजे नेटवर्कवरच्या दोन कॉम्प्युटरमधल्या, चॅनेलमधून जातात; ते चॅनेल मी माझ्या पैशांनी उघडलं होतं, म्हणजे सगळी शिल्लक माझ्याच बाजूला. समोरच्या बाजूला शिल्लक असल्याशिवाय माझ्याकडे येणार काय? दुसऱ्या नोडकडून फी देऊन आपल्या दिशेने चॅनेल उघडून घेतलं, तेव्हा गाडी सुरू झाली. आता रोज दुकान बंद करताना जमलेली नाणी लाइटनिंग घेणाऱ्या एक्स्चेंजला पाठवतो आणि तिथल्या तिथे विकतो. मोठ्या शालूचे पैसे तर गिऱ्हाईक समोर असतानाच विकून टाकतो.

हिशेबात त्या साडीची विक्री 180 डॉलरचीच लिहिली. नाण्यांवरचा तोटा करासाठी वेगळा दाखवावा लागतो, म्हणून प्रत्येक बिलाशेजारी त्या वेळचा भाव टिपून ठेवतो. परताव्याचा नियमही बिलावर छापलाय: साडी परत आली तर बिलावरचे डॉलर मिळतील, तितकी नाणी नाहीत.