मला राग आला आणि बाई मला रागावल्या

आठवीच्या वर्गात कर्ता शिकवताना मी नेहमीची युक्ती सांगितली. क्रियापदाच्या धातूला 'णारा' जोडायचा आणि 'कोण' किंवा 'काय' असं विचारायचं. 'रामू भाकरी खातो', खाणारा कोण? रामू. 'मला आंबा आवडतो', आवडणारा काय? आंबा. मधल्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "पण बाई, आंबा तर काहीच करत नाही. आवड माझी आहे." परीक्षेत आंबाच लिही, असं सांगून मी पुढे सरकले. पण त्याचं म्हणणं डोक्यातून जाईना.

त्या वर्षी नोकरी सांभाळून मी भाषाविज्ञानाचं एम.ए. करत होते आणि प्रबंधिकेला विषय हवा होता. तो मला असा वर्गातच मिळाला. मराठीतली 90 रोजची क्रियापदं घ्यायची, प्रत्येकाला वाक्यात कोण कोण लागतं ते बघायचं आणि त्या प्रत्येकाची भूमिका ठरवायची. पुस्तकात एजंट, पेशंट, एक्सपीरियन्सर असे शब्द होते. मी वहीत त्यांना करणारा, सोसणारा आणि अनुभवणारा अशी नावं दिली.

सुरुवात सोपी गेली. आम्ही सांगलीचे, त्यामुळे उदाहरणं हळदीची सुचली. 'हळद शिजते' म्हटलं की एकाच नामावर काम भागतं. 'शेतकरी हळद शिजवतो' म्हटलं की दोन लागतात. 'शेतकरी मजुरांकडून हळद शिजवून घेतो' म्हटलं की तीन. क्रियापदाचं रूप बदललं की वाक्यात माणसं वाढत जातात. हळद मात्र तिन्हीकडे सोसणारीच राहते, मग पहिल्या वाक्यात ती कर्त्याच्या जागी बसली असली तरी. फुटणं आणि फोडणं, पडणं आणि पाडणं, सुटणं आणि सोडणं या जोड्याही अशाच. दोन आठवड्यांत माझी तीसेक क्रियापदं भरून झाली आणि मला वाटलं, दिवाळीपर्यंत काम संपेल.

पहिला मसुदा मार्गदर्शक सरांनी परत केला. चूक एकच होती, पण सगळीकडे पसरलेली होती. मी प्रत्यय बघून भूमिका लिहीत होते. 'ने' दिसला की करणारा, 'ला' दिसला की अनुभवणारा. सरांनी समासात तीन वाक्यं लिहिली होती: सुताराने दार उघडलं. वाऱ्याने दार उघडलं. किल्लीने कुलूप उघडलं. आणि खाली एवढंच, 'हे तिघेही करणारे का?'

मी ती वाक्यं वर्तमानकाळात घालून पाहिली. 'सुतार दार उघडतो.' सुताराचा 'ने' गेला. 'वाऱ्याने दार उघडतं', 'किल्लीने कुलूप उघडतं'. इथला 'ने' जागचा हलला नाही. म्हणजे सुताराला लागलेला 'ने' भूतकाळातल्या रूपाने आणलेला होता, आणि वाऱ्याचा व किल्लीचा 'ने' त्यांच्या भूमिकेचा होता, एक कारण म्हणून आणि दुसरं साधन म्हणून. भाषावैज्ञानिक चार्ल्स फिलमोर यांनी 1968 मध्ये इंग्रजीतली दार उघडण्याची वाक्यं घेऊन भूमिकांची मांडणी केली होती. तिथे माणूस आणि किल्ली दोघेही कर्त्याच्या जागी एकाच रूपात बसू शकतात. आपल्याकडे 'किल्ली कुलूप उघडते' असं सहसा कुणी म्हणत नाही. मराठी दोघांना दिसायला सारखा प्रत्यय देते आणि काळ बदलला की फरक दाखवते.

याचं दुसरं टोक मला घरातच सापडलं. सासूबाई 'मी जाते' म्हणतात, पण 'म्या सांगितलं', 'म्या भाकरी खाल्ली' म्हणतात. प्रमाण मराठीत 'मी सांगितलं' झाल्यामुळे जो 'ने' आपल्याला दिसत नाही तो त्यांच्या 'म्या'त अजून शिल्लक आहे. मी आठवडाभर स्वयंपाकघरात कान देऊन होते. भाकरी 'म्या' खाल्ली जाते, पण जेवण झाल्यावर त्या 'मी जेवले' म्हणतात. खाणं आणि जेवणं यांत करणारी तीच आहे, इच्छाही तिचीच आहे. तरी एक क्रियापद 'म्या' मागतं, दुसरं मागत नाही. शिकणं, विसरणं, बोलणं हीसुद्धा जेवण्याच्याच पंगतीत बसतात. 'मी कविता शिकले' म्हणतो, 'मी कविता शिकली' म्हणत नाही. म्हणजे भूमिका एक गोष्ट, प्रत्यय दुसरी. त्या दोघांमधला करार प्रत्येक क्रियापद आपापला करतं.

मग भूमिका ओळखायची कशावरून? दुसऱ्या मसुद्यासाठी मी प्रत्यय झाकून ठेवले आणि वाक्याला प्रश्न विचारायला लागले. पहिला प्रश्न, यात 'मुद्दाम' घालता येतं का? दुसरा, याची आज्ञा करता येते का? 'भाकरी खा' म्हणता येतं, 'आंबा आवड' म्हणता येत नाही. आज्ञेत एक खाच आहे. 'घाबरू नकोस' आपण दिवसातून दहादा म्हणतो, पण 'घाबर' असं कुणाला सांगत नाही. नकाराची आज्ञा अनुभवणाऱ्यालाही चालते, म्हणून कसोटी होकाराचीच घ्यायची. मी ते उशिरा ओळखलं, आणि तोवर घाबरणं, लाजणं, दचकणं ही सगळी करणाऱ्याच्या रकान्यात जाऊन बसली होती. त्यांना 'ला' नाही, 'मी घाबरले' असंच रूप आहे. पण मुद्दाम घाबरता येत नाही. 'मला भीती वाटली' आणि 'मी घाबरले' यांत अनुभवणारी मीच, फक्त पोशाख वेगळा.

सगळ्यात जास्त दिवस मी रागाच्या दोन वाक्यांवर घालवले. 'मला राग आला' आणि 'बाई मला रागावल्या'. दोन्हींत 'मला' आहे. पहिला 'मला' रागाने भरलेला आहे. दुसऱ्या 'मला'ला राग आलेलाच नाही, तो रागाचा मारा झेलतोय. ते आपल्याला कळतं, पण प्रबंधिकेत 'कळतं' म्हणून भागत नाही. ते वाक्यातच दाखवावं लागतं.

इथे 'बघून', 'जाऊन' यांतला 'ऊन' प्रत्यय कामाला आला. 'वही बघून मला राग आला.' वही कुणी बघितली? मी. 'वही बघून बाई मला रागावल्या.' आता वही बाईंनी बघितली, मी नाही. 'ऊन' लावलेली क्रिया कुणाच्या खात्यावर जाते ते बघायचं. पहिल्या वाक्यात ती 'मला'कडे गेली, दुसऱ्यात 'मला'ला ओलांडून बाईंकडे. 'मला पत्र आलं' हे वरवर 'मला राग आला'सारखंच दिसतं, पण 'पुण्याला जाऊन मला पत्र आलं' हे वाक्य कानाला खटकतं. पत्राचा 'मला' नुसता पोचण्याचा पत्ता आहे.

'स्वतः'नेही तेच सांगितलं. 'आजीला स्वतःचं घर आठवलं', घर आजीचं. 'काकांनी आजीला स्वतःचं घर दाखवलं', घर काकांचं. आठवण्याच्या वाक्यात 'आजीला' ही वाक्याची मालकीण आहे, दाखवण्याच्या वाक्यात नाही.

आणि तरीही क्रियापदाचा शेवट या मालकिणीचं ऐकत नाही. 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात', 'मला भाकरी आवडते'. रूप आंब्यामागे आणि भाकरीमागे फिरतं. म्हणजे 'रामू भाकरी खातो' या वाक्यात रामू एकटा जी दोन कामं करत होता, ती इथे दोघांत वाटली गेली. क्रियापदाचं रूप आंब्याच्या हातात, आणि 'ऊन' व 'स्वतः' अनुभवणाऱ्याच्या हातात. माझी 'णारा'ची युक्ती फक्त पहिलं काम तपासत होती. त्या मुलाने दुसरं पाहिलं होतं.

हे लिहून झाल्यावर सरांनी मला पाणिनीकडे पाठवलं. अष्टाध्यायीत 'रुच्यर्थानां प्रीयमाणः' (1.4.33) असं सूत्र आहे. आवडणं या अर्थाच्या धातूंच्या वाक्यात ज्याला आवडतं तो संप्रदान. त्याचं परंपरेतलं उदाहरण, 'देवदत्ताय रोचते मोदकः'. देवदत्ताला मोदक आवडतो. कर्ता मोदकच, पण देवदत्तासाठी वेगळं नाव ठेवलेलं आहे आणि त्यासाठी स्वतंत्र सूत्र खर्चलेलं आहे. मी ते वाचलं आणि बराच वेळ वही मिटून बसले. देणाऱ्या-घेणाऱ्याच्या व्यवहारात घेणाऱ्याला जे नाव मिळतं तेच इथे आवडणाऱ्याला मिळालं आहे. आपल्या 'ला'चीही तीच कहाणी आहे. 'मला दिलं' आणि 'मला आवडलं', प्रत्यय एकच.

तिसऱ्या मसुद्यात माझी 'ऊन'ची कसोटी एका ठिकाणी गळली. 'चालून चालून माझे पाय दुखले.' चालले कोण? मी. पण वाक्यात मी 'मला' म्हणूनही नाही, 'मी' म्हणूनही नाही. नुसती 'माझे'मध्ये आहे. पाय तर चालून चालून दुखणारे, चालणारे नव्हेत. 'डोकं दुखणं', 'पोट बिघडणं', 'अंग मोडून येणं', ही सगळी याच वाटेने गेली. दुखणं हे क्रियापद एकच नाम मागतं, दुखणारा अवयव. ज्याचा तो अवयव आहे तो माणूस मालकीच्या प्रत्ययाआडून वाक्यात येतो आणि 'ऊन'चं खातं तरीही आपल्या नावावर घेतो. म्हणून 'ऊन' एकट्यावर मी कुठलाही निकाल दिला नाही. 'स्वतः'ने दुजोरा दिला तरच अनुभवणारा लिहिला, आणि अवयवांच्या अकरा क्रियापदांसाठी वेगळं पान केलं. तो मसुदा मान्य झाला.

पुढच्या जूनमध्ये तो मुलगा नववीत गेला होता. मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि वही दाखवली. परीक्षेत आंबाच लिहायचा, कारण क्रियापदाचं रूप आंब्यामागे जातं, पण तू म्हणालास तेही वाक्यातच आहे, असं सांगून रागाची दोन वाक्यं काढून दिली. त्याने ती दोनदा वाचली. मग म्हणाला, "बाई, मग झोपेचं पण असंच. काल मी नऊलाच झोपलो, पण मला झोप अकराला लागली."

माझ्या नव्वदांत झोपणंही नव्हतं आणि झोप लागणंही नव्हतं. मी तिथेच पेन काढलं.