आजीचं नाव निघालं 1972 सालचं

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की कादंबरीतल्या म्हाताऱ्यांची नावं एका बैठकीत उरकून टाकते. त्याला दोन महिने झाले. सहापैकी चार नावं ठरलीत, आणि त्यातल्या एकाच नावानं निम्मा वेळ खाल्ला. तेवढंच आज सविस्तर सांगते.

पात्र असं: 1949 चा जन्म, सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलेली, आता कोथरूडला फ्लॅटमध्ये राहणारी आजी. पहिल्या मसुद्यात मी तिला गोदावरी केलं होतं. आमच्या लेखनगटातल्या एक काकू स्वतः 1950 च्या. त्यांनी पान वाचून परत दिलं आणि म्हणाल्या, "अगं, गोदावरी माझ्या आजीचं नाव. आमच्या वर्गात शोभा, मंगल, उषा, पुष्पा, विजया असायच्या. यमुना आणि काशी आमच्या घरी ओसरीवर जपमाळ घेऊन बसलेल्या." खरंच होतं ते. म्हातारी म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर माझी पणजीच येते. नायिकेची आजी आज पंचाहत्तरीची आहे हा हिशोब मी केलाच नव्हता.

मग मतदार याद्या उघडल्या. त्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय असतं, म्हणजे यादीच्या वर्षातून वय वजा केलं की जन्मसाल हाती. पेठांतल्या दोन-तीन भागांमधली सत्तरी ओलांडलेली माणसं वेगळी काढली. पुरुषांचा रकाना बघून जीव सुखावला: अशोक, सुरेश, अरुण, प्रकाश, दिलीप, सुभाष, शरद. बायकांच्या रकान्यात मात्र मंगल, शोभाच्या शेजारी वैशाली, मेधा, अपर्णा, स्वाती बसलेल्या. वय 75, नाव वैशाली! मला वाटलं, बघा, पेठेतले लोक त्या काळीही पुढारलेले. लगेच गोदावरीची वैशाली करून टाकली.

काकूंनी दुसऱ्यांदा पान परत केलं. "हे नाव तिच्या आईबापांनी कुठे ठेवलंय? नवऱ्यानं ठेवलंय."

इथे माझी ट्यूब पेटली. लग्नात ताम्हनात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत मी शंभरदा पाहिलीय, पण हिशोबात कधी धरली नव्हती. 1949 साली जन्मलेली मुलगी साधारण 1970 ते 1975 मध्ये लग्न करते. तेव्हा तिला जे नाव मिळतं ते त्या वर्षांच्या आवडीचं असतं, तिच्या जन्माच्या काळाचं नसतं. म्हणजे मतदार यादीत 75 वर्षांच्या बाईपुढे जे नाव दिसतं, ते पुष्कळदा 1972 सालचं असतं. सगळ्या घरांत नाव बदलत नसत, कुठे बारशाचंच नाव राही. पण ज्या पेठेतल्या वळणाच्या घरांबद्दल मी लिहितेय, तिथे हे धरून चालायलाच हवं.

मग माहेरचं नाव शोधायचं कुठे? लग्नपत्रिकेत. पत्रिका छापली जाते तेव्हा नाव बदललेलं नसतं, 'चि. सौ. कां.' च्या पुढे मुलीचं बारशाचंच नाव असतं. घरच्या आणि शेजारच्या जुन्या ट्रंका उघडून त्या काळच्या पत्रिका गोळा केल्या. (हळदीच्या बोटांनी अर्ध्या नावांवर पुटं चढवली होती, ती वेगळी कटकट.) पत्रिकांमध्ये मेधा, वैशाली एकदम विरळ झाल्या आणि काकूंच्या वर्गाचा हजेरीपट समोर आला.

तेव्हा आमची आजी आता अशी आहे. जन्म मंगळवारचा, म्हणून माहेरी मंगल. 1972 मध्ये शशिकांतशी लग्न. शशी म्हणजे चंद्र आणि चंद्राची लाडकी रोहिणी, म्हणून तांदळात रोहिणी. नवऱ्याच्या नावाशी जोडी जुळवायची हौस तेव्हा बरीच होती, आणि मला ती कथेसाठी सोयीची पडली. आता रेशनकार्ड, बँक, मतदार यादी सगळीकडे ती रोहिणी; शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मंगल. वाड्याच्या पुनर्विकासात माहेरच्या हिश्श्यासाठी सही करायची वेळ आली, की वकील म्हणतो, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. हा प्रसंग आधी कादंबरीत नव्हताच. नावानं आणून दिला.

एक गंमत पुढे कळली. मंगल काय, रोहिणी काय, ही नावं पानावर उमटतात किती? सून 'आई' म्हणते, नातू 'आजी', सोसायटीत 'दातार काकू', नवरा 'अगं'. मंगल म्हणणारा उरलाय फक्त भाऊ, आणि मंगले म्हणणारी शाळेतली मैत्रीण. निवेदनात मी तिला आता रोहिणीबाई म्हणते, आणि भाऊ फोन करतो त्या प्रकरणात मंगल. वाचक गोंधळतील का ही धास्ती आहे, पण पहिल्या दहा पानांत तांदळाचा प्रसंग आला की निभेल असं वाटतं.

हा भाऊही सोपा नव्हता. 1951 चा जन्म, म्हणून मी आधी अशोक ठेवलं. मग ठरवलं, आजोबा गोविंदराव नुकतेच गेलेत, तेव्हा नातवाला त्यांचंच नाव. पण आईनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? म्हणून घरात तो बाळ. आज सत्तरी ओलांडूनही बाळच, बाहेरच्यांना बाळासाहेब. गोविंद फक्त कागदावर. आजोबांवरून आलेली नावं अशी एक पिढी उडी मारतात, त्यामुळे 1951 सालचा गोविंद चालतो. गोदावरी मात्र सकारण आणावी लागली असती.

वाड्यात दूध घालणारे मुळशीकडचे किसनराव 1950 चे, त्यांचं नाव पटकन ठरलं. पण त्यांच्या यादीतल्या वयावर विसंबू नका. गावाकडे शाळेत घालताना मास्तर 1 जून टाकून मोकळे व्हायचे, त्यामुळे एकाच तारखेला जन्मलेले कितीतरी आजोबा सापडतात. वर्षातही एक-दोनचा फरक सहज असतो. मी म्हणून एका वर्षाऐवजी पाच वर्षांचा पट्टा बघते.

चौथं नाव माझ्या आवडीचं. दापोडीचं बौद्ध कुटुंब. थोरला 1950 चा, त्याचं नाव नामदेव. धाकटा 1958 चा, तो सिद्धार्थ. मध्ये 14 ऑक्टोबर 1956 आला. थोरल्याचंही नाव आधी गौतम ठेवलं होतं, ते खोडलं. या दोन भावांची नावं शेजारी ठेवली की धम्मदीक्षेचा परिच्छेद लिहावा लागत नाही, म्हणून मी लिहिलेला तो परिच्छेदही काढून टाकला.

राहिली दोन पात्रं. त्यातली एक 15 ऑगस्ट 1947 ला जन्मलेली, आणि तिला भारती म्हणायचा मोह अनावर होतोय. काकूंना अजून सांगितलेलं नाही.