रेझोनन्स ट्यूब अपडेट: वेग मस्त आला, एंड करेक्शन मात्र नखरे करतंय

नळीतल्या हवेच्या रेझोनन्सवरून ध्वनीचा वेग काढतोय. सेटअप मागचाच आहे, एक मीटरची ॲक्रेलिक नळी, आतला व्यास ३.२ सेमी, खाली रबरी बूच, बुचातून लवचिक नळी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची बाटली. बाटली वर केली की नळीत पाणी चढतं, खाली केली की उतरतं. पट्टीचा शून्य नळीच्या वरच्या काठाला लावलाय, म्हणजे पाण्याची पातळी वाचली की हवेच्या स्तंभाची लांबी थेट मिळते.

यावेळी ५१२ हर्ट्झचा नादकाटा घेतला, आतल्या हवेचं तापमान २७ अंश. रबरी ठोकळ्यावर ठोकून काटा तोंडावर धरायचा, दोन्ही पाती एकाखाली एक येतील असा आडवा, म्हणजे कंपन वरखाली होऊन नळीत उतरतं. आवाज एकदम फुगतो ती जागा पकडायची. पण कान जरा उशिराच "हां, इथे" म्हणतो, तोवर पाणी पुढे सरकलेलं असतं. पाणी चढताना पहिला रेझोनन्स मला १५.९ वर वाटला आणि उतरताना १६.३ वर, म्हणून दोन्हीकडून घेऊन मधला आकडा धरला, १६.१ सेमी. दुसरा रेझोनन्स बारीक ऐकू येतो, पंखा बंद करावाच लागतो, तो मिळाला ५०.० सेमीला.

आता गंमत अशी की नुसता पहिला आकडा घेऊन चौपट केली तर वेग ४ × ५१२ × ०.१६१ म्हणजे ३२९.७ मी/से येतो, २७ अंशाला तो साधारण ३४७.५ असायला हवा, म्हणजे पाच टक्के कमी. कारण नळीच्या काठावर हवेचं हलणं थांबत नाही, तोंडाबाहेरची थोडी हवासुद्धा स्तंभाबरोबर पुढेमागे होते, त्यामुळे नळी ध्वनीसाठी काठापेक्षा थोडी लांब असते. ही जास्तीची लांबी म्हणजेच एंड करेक्शन, e. पहिल्या रेझोनन्सची लांबी l1, दुसऱ्याची l2 आणि तरंगलांबी λ धरली तर e दोन्हीकडे सारखंच आहे, म्हणून वजाबाकीत उडून जातं:

```
l1 + e = λ/4
l2 + e = 3λ/4
v = 2f(l2 - l1)
e = (l2 - 3·l1)/2
```

फरक ३३.९ सेमी, म्हणून v = २ × ५१२ × ०.३३९ = ३४७.१ मी/से. घरच्या नळीत एवढं म्हणजे झकासच. आणि e = (५०.० − ४८.३)/२ = ०.८५ सेमी. उघड्या तोंडाच्या नळीला e साधारण त्रिज्येच्या ०.६ पट असतं, म्हणजे इथे ०.९६ यायला हवं. जवळ आहे, पण वेगाइतकं नाही.

का ते सूत्रातच दिसतं. e काढताना l1 ला तीनने गुणतो, मग जवळजवळ सारख्या दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करतो, उरतं काय तर थोडंसं. समजा मी मधला आकडा न धरता फक्त उतरतानाचा १६.३ घेतला असता, तर वेग ३४५.१ आला असता, कुणी तक्रारही केली नसती, पण e थेट ०.५५ वर घसरलं असतं! १५.९ धरला तर १.१५. तेव्हा एकाच जोडीतून निघालेल्या e वर "माझं ०.६ r सिद्ध झालं" असं म्हणणाऱ्याला मी तरी आधी विचारीन, l1 किती मिलिमीटरपर्यंत खात्रीचा आहे?

मग ३८४ च्या काट्याने परत घेतलं. २१.७ आणि ६६.९ सेमी. वेग परत ३४७.१, e ०.९. वारंवारता बदलली तरी e साधारण तेच राहतंय, कारण ते मुख्यतः तोंडाच्या मापावर ठरतं. २५६ चा काटा या नळीला चालत नाही, त्याचा दुसरा रेझोनन्स मीटरच्या बाहेर जातो.

काट्याऐवजी मोबाईलवर टोन जनरेटर लावून बघितलं, फोन तोंडावर अगदी टेकवल्यासारखा ठेवून, ५१२ वरच. आकडे आले १५.७ आणि ४९.६. फरक तोच ३३.९, वेग ढिम्म हलला नाही, पण e १.२५ झालं. फोनने तोंड अर्धवट झाकलं की बाहेरच्या हवेला हलायला वाट कमी राहते आणि नळी आणखी लांब भासते. म्हणजे e प्रमाणाबाहेर मोठं येत असेल तर आधी तोंडावर काय ठेवलंय ते बघा. फोन बाजूला, थोडा लांब धरा. काटासुद्धा काठाला चिकटवू नका, बोटभर वर ठेवा.

पुढची नळी ५ सेमी आतल्या व्यासाची आणणार आहे, तिथे e दीड सेमीच्या आसपास यायला हवं, म्हणजे मिलिमीटरची चूक तेवढीच राहिली तरी तिचा वाटा कमी होईल. बूच मात्र त्या मापाचं मिळत नाहीये, कुणाकडे जुगाड असेल तर सांगा.