बसमधली स्वागताची घोषणा: माझी संहिता कशी बदलत गेली

एक दिवसाच्या सहलीला गाइड म्हणून मी पहिल्यांदा एकटी निघाले, तेव्हा स्वागताची घोषणा चार पानं लिहून नेली होती. मी माइकवर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलते. त्या हिशेबाने ती आठ-नऊ मिनिटांची होत होती, पण आदल्या रात्री मी तसा हिशेब केलाच नव्हता. सगळं सांगायचं राहू नये एवढीच काळजी होती: दिवसाचा कार्यक्रम, थांबे, सीट बेल्ट, सामान, जेवणाची वेळ, परतीची वेळ. बस निघाली, मी उभी राहिले आणि वाचायला लागले.

तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगांमध्ये गप्पा सुरू झाल्या. मला वाटलं, लोकांना रस नाही. पहिल्या थांब्यावर मागे बसलेल्या एका ताईंनी सांगितलं, "अहो, आम्हाला फक्त खरखर ऐकू येत होती." मागचा स्पीकर बंद होता. बेल्ट, दरवाजे, निघायची वेळ, यातलं काहीच शेवटच्या चार रांगांपर्यंत पोचलं नव्हतं.

तेव्हापासून प्रवासी चढायच्या आधी मी माइक तपासते आणि ड्रायव्हर काकांना शेवटच्या सीटवर बसवून ऐकायला सांगते. माइक हनुवटीजवळ, तोंडापासून दोन-तीन बोटं लांब आणि किंचित तिरका धरला की 'प' आणि 'फ' फटकन फुटत नाहीत. छतातल्या स्पीकरच्या बरोबर खाली उभं राहिलं तर शिट्टी वाजते, म्हणून एक पाऊल बाजूला सरकायचं. आणि बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तो पहिला शब्द बहुतेक वेळा आपलं नावच असतं.

त्याच दिवशी दुसरी चूक लक्षात आली, आणि ती मला जास्त लागली. संहितेत लिहिलं होतं, "आपत्कालीन दरवाजा उजव्या बाजूला मागे आहे." मी प्रवाशांकडे तोंड करून उभी होते. मी 'उजवीकडे' म्हणाले आणि हात माझ्या उजवीकडे गेला, म्हणजे त्यांच्या डावीकडे. अर्धी बस एकीकडे बघत होती आणि अर्धी दुसरीकडे. धुरात किंवा अंधारात कुणी त्या शब्दावर विसंबलं असतं तर? आता माझ्या घोषणेत डावं-उजवं नाही. 'चढायच्या दरवाजाच्या बाजूला' आणि 'ड्रायव्हरच्या बाजूला' असंच म्हणते. कुणी कुठेही तोंड करून बसलेलं असो, त्यात गोंधळ होत नाही.

बसही दर वेळी तीच नसते. एका सहलीला ऐनवेळी बस बदलून आली. जुन्या संहितेप्रमाणे मी "चार खिडक्यांपाशी काच फोडायची हातोडी आहे" असं सांगणार होते. काकांबरोबर बस बघून घेतली तेव्हा त्यातल्या एका ठिकाणी नुसती रिकामी चौकट होती. निघायच्या आधी दुसरी हातोडी मागवून बसवली. काकांनीच मला दाखवलं की काच मधोमध मारून सहज फुटत नाही, कोपऱ्याजवळ मारायची. आणि मारायची ती हातोडीशेजारची, आपत्कालीन खिडकी म्हणून खूण केलेली काचच, कारण सगळ्या काचा एकसारख्या नसतात. त्या दिवसापासून सुरक्षेचा मजकूर मी घरी पक्का करतच नाही. दरवाजा, छतातली झडप, हातोड्या, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी हे त्या बसमध्ये डोळ्यांनी बघून, हात लावून मगच कागदावर जागा भरते.

हळूहळू चार पानांचे तीन तुकडे झाले. एक बस उभी असताना, एक रस्त्याला लागल्यावर आणि एक प्रत्येक थांब्याच्या पाच मिनिटं आधी. याला साधं कारण आहे. बस हलायच्या आधी माणसाला बेल्ट आणि दरवाजा कळायला हवा. दुपारी कुठे जायचं हे तेव्हा कळलं नाही तरी चालतं. शिवाय चालत्या बसमध्ये मी स्वतः उभी राहून "कृपया बसून राहा" असं सांगणं बरोबर नाही. ताशी ऐंशीच्या वेगाने जाणारी बस एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. अचानक ब्रेक लागला तर उभा माणूस पुढच्या काचेवर जातो, मग तो गाइड असला तरी.

डोकी मोजून झाली, दरवाजा बंद व्हायचाय, इंजिन चालू आहे पण बस उभी आहे, तेव्हाचा माझा पहिला तुकडा आता असा आहे:

"नमस्कार मंडळी. मी आजची तुमची गाइड. आपली बस चालवणारे काका पुढे बसलेत. आज आपण बेचाळीस जण आहोत. बस पांढरी आहे आणि तिच्या नंबरचे शेवटचे चार आकडे तुमच्या समोरच्या कार्डावर लिहिलेत. त्याच कार्डावर माझा फोन नंबर आहे, त्याचा आत्ताच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता सगळ्यांनी बेल्ट लावूया. मी थांबते. (इथे खरंच थांबायचं.) ज्यांचा लागत नाही त्यांनी हात वर करा, मी येते.

बाहेर पडायचे मार्ग बघून ठेवा. तुम्ही चढलात तो पुढचा दरवाजा. आपत्कालीन दरवाजा मागे, ड्रायव्हरच्या बाजूला. लाल हातोडी आहे ती खिडकी कोपऱ्यावर मारून फोडता येते. जड पिशवी वरच्या रॅकमध्ये नको, पायाशी किंवा खालच्या डिकीत ठेवू. मधली वाट मोकळी राहू दे. बस चालू असताना कुणाला काही हवं असेल तर जागेवरूनच हाक मारा, मी पुढच्या थांब्यावर येईन. गाडी लागत असेल, कुणाला वेळेवर औषध घ्यायचं असेल किंवा चालायला त्रास असेल तर मला आत्ता किंवा उतरताना हळूच सांगा."

एवढंच. दीड मिनिट. कंसातली सूचना मी माझ्यासाठी लिहिली आहे, कारण पहिल्या काही वेळा न थांबता मी पुढे वाचत गेले आणि बेल्टची सूचना नुसती सूचनाच राहिली. आता थांबल्यावर एकामागून एक खटके ऐकू येतात. ते सगळे वाजून झाले की पुढचं वाक्य.

बस शहराबाहेर पडून सरळ रस्त्याला लागली की मी माझ्या सीटवर बसून, बेल्ट लावून दुसरा तुकडा बोलते. त्यात दिवसाचा आराखडा असतो. इथे मी पक्क्या वेळा फक्त दोनच सांगते: ज्या ठिकाणचं प्रवेशाचं तिकीट ठरावीक वेळेचं आहे तिथली, आणि परत पोचायची अंदाजे वेळ. मधलं सगळं क्रमाने आणि अंतराने. "पहिला थांबा साधारण पावणेदोन तासांनी, नंतर पहिलं ठिकाण, मग जेवण." थांबे मी दोन तासांपेक्षा लांब पडू देत नाही. आणि पुढचा थांबा किती वेळाने आहे हे सांगितलं की लोक पाणी पिणं टाळत नाहीत.

मधल्या वेळा न सांगण्यामागे एक सकाळ आहे. सात वाजता निघायचं होतं. स्वागतातच मी सांगून टाकलं होतं, "पावणेनऊला थांबू, नऊ पाचला निघू." रहदारीत अडकून आम्ही आठ अठ्ठावन्नला पोचलो. दरवाजात उभी राहून मी म्हणाले, "वीस मिनिटं आहेत." आता लोकांच्या डोक्यात दोन वेळा झाल्या. ज्यांना नऊ पाच आठवत होते ते धावत परत आले. त्यात एक आजोबा होते, स्वच्छतागृहापर्यंत पोचलेच नव्हते, रांग बघून तसेच मागे फिरले. बाकीच्यांनी वीस मिनिटं आपापल्या सोयीने मोजली. कुणी उतरल्यापासून, कुणी रांगेतून बाहेर पडल्यापासून. शेवटचे दोघे नऊ एकोणतीसला आले आणि बसमधल्यांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं ते मला पाहवलं नाही. चूक माझ्या वाक्याची होती.

त्या रात्री मी हिशेब मांडला. बसमध्ये चोवीस बायका होत्या. थांब्यावर बायकांसाठी दोन संडास. एकीला दोन मिनिटं धरली तर एकेका दारापुढे बारा जणी, म्हणजे चोवीस मिनिटं. वीस मिनिटांत ते होणारच नव्हतं, कितीही घाई केली तरी. तेव्हापासून थांबा ठरवताना मी आधी संडास किती आहेत ते विचारते आणि कमी असतील तर थांबा अर्ध्या तासाचा धरते. ज्यांना चालायला वेळ लागतो त्यांना आधी उतरवते.

तिसरा तुकडा त्यातून तयार झाला. थांब्याच्या पाच मिनिटं आधी, बसूनच, मी घड्याळात बघून बोलते: "मंडळी, थोड्या वेळात थांबतोय. बस पूर्ण थांबेपर्यंत बसून राहा. स्वच्छतागृह इमारतीच्या मागे आहे. बस उतरवून पार्किंगमध्ये जाईल, निळ्या पाटीखाली उभी असेल. उतरल्यावर बसच्या पुढून किंवा मागून रस्ता ओलांडू नका, पलीकडची गाडी आपल्याला आणि आपण तिला दिसत नाही. निघायची वेळ दरवाजात सांगते." बस थांबली की मगच वेळ: "आत्ता नऊ झालेत. साडेनऊला बस हलेल, नऊ पंचवीसला जागेवर बसा." किती मिनिटं हे मी म्हणतच नाही.

दरवाजाच्या आतल्या बाजूला एक छोटी पांढरी पाटी टांगते आणि तीच वेळ मोठ्या अक्षरात लिहिते. ही सूचना एका काकूंची. त्यांना कमी ऐकू यायचं आणि दर थांब्यावर त्या शेजारणीला विचारायच्या. पाटी लावल्यावर लक्षात आलं की ऐकू येणारेही उतरताना तिच्याकडे बघून जातात.

परत आल्यावर "शेजारी आलेत ना?" असं मी विचारत नाही. लोक जागा बदलतात, आणि दोघं मिळून मागे राहिले तर त्यांच्याबद्दल सांगणारा बसमध्ये कुणीच नसतो. मागून पुढे चालत डोकी मोजते, मग पुढून मागे. मी आणि काका त्यात धरत नाही, आणि हे काकांनाही माहीत असतं, कारण एकदा त्यांनी चव्वेचाळीस मोजले आणि मी बेचाळीस, तेव्हा त्या दोनचा शोध घेण्यात पाच मिनिटं गेली होती. दोन्ही वेळा आकडा सारखा आला की काकांना मोठ्याने सांगते, "बेचाळीस," आणि ते दरवाजा बंद करतात.