फोन किती वाजता करतेस?

"मॅडम, घरी फोन केला की रडू येतं, नाही केला तर करमत नाही. फोन करणं बंदच करू का?"

बंद नको करूस. फोन किती वाजता करतेस, ते आधी सांग. वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी हे प्रत्येकीला विचारते आणि बहुतेकींचं उत्तर रात्री साडेदहा-अकरा हेच असतं. लेक्चर, प्रॅक्टिकलच्या धांदलीत दबलेली घरची आठवण हात रिकामे झाले की वर येते. त्यात रूममेट कानात हेडफोन घालून पडलेली. नेमका तेव्हाच आईचा आवाज ऐकला तर रडू फुटणारच. शिवाय फोन ठेवल्यावर करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं.

गंमत म्हणजे रडून मोकळी झालेली मुलगी झोपून जाते, जागी राहते ती आई. सकाळी तिचा मला फोन येतो, "घेऊन जाऊ का तिला?" आणि लेक नाश्त्याच्या रांगेत खिदळत असते.

एक मुलगी रोज रात्री जिन्यात बसून तासभर बोलायची. तिला मी संध्याकाळी, मेसच्या थोडं आधी फोन करायला लावला. बोलणं रंगेपर्यंत रूममेट ताट घेऊन दारात उभी राहायची, त्यामुळे फोन ठेवून एकटीनं बसायची वेळच येत नसे. आईलाही सांगितलं, "रडलीस का" विचारू नका, शेजारच्या कॉटवरच्या मुलीचं काय चाललंय ते विचारा. मग आईला सांगण्यासाठी का होईना, ती इथल्या गोष्टींकडे लक्ष देऊ लागली. सुरुवातीला आवाज तरीही भरून यायचा. पुढे फोन आपोआप आटोपशीर झाले. एके दिवशी ती फोन करायलाच विसरली, तेव्हा तक्रार आईची आली!

पहिली सुट्टी संपवून परतल्यावर मात्र पुन्हा जोरात रडू येतं. "माझं काही जमणारच नाही" असं तेव्हा बऱ्याच जणींना वाटतं. बहुतेकींचं हे दुसऱ्या खेपेचं रडू लवकर ओसरतं, कारण आता रूममेट ओळखीची असते.

फोनची वेळ बदलून सगळ्यांचंच भागत नाही. दिवसाही मन लागत नाही, झोप-जेवण बिघडलंय, लेक्चरला जावंसं वाटत नाही, घरचा फोनसुद्धा उचलवत नाही, असं दोन आठवडे चाललं तर ती नुसती घरची आठवण समजू नये. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जायचं. एकटीला धीर होत नसेल तर मी सोबत येते. आणि जगणंच नको असं मनात आलं तर दोन आठवडे कसले मोजायचे? त्याच क्षणी रूममेटला उठवायचं आणि दोघींनी माझं दार वाजवायचं. इतक्या रात्री मॅडमना उठवणं बरं दिसेल का, हा विचार तेव्हा करायचा नाही.