ग्रिड बारीक केली आणि उत्तर शून्याकडं चाललं

बेळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिग्नल्सचं लॅब घेतो मी. पोरं खानापूर, निपाणी, हुक्केरी असल्या गावांतनं येतात, अर्ध्याजणांची शाळा मराठीतनं झालेली, अर्ध्यांची कन्नडमधनं, त्यामुळं लॅबमध्ये एकच गोष्ट तीन भाषांत चालू असते. त्या दिवशी इम्पल्सचं, म्हणजे δ चं, सिफ्टिंग होतं: फंक्शनला δ नं गुणून इंटिग्रेट केलं की δ जिथं आहे तिथली फंक्शनची किंमत हाती येते. साधं वाटणारं प्रॅक्टिकल, वहीत दोन ओळींत संपतं, पण त्या दिवशी ते दुपारभर चाललं आणि मला वाटतं चाललं ते बरंच झालं.

गणित हे होतं: 0 ते 5 मध्ये (t² + 1) δ(t − 3) याचं इंटिग्रल. वहीत सगळ्यांनी पटकन 10 लिहिलं, कारण t च्या जागी 3 घातला की 9 + 1. मग म्हटलं आता हेच कॉम्प्युटरवर आकडे घालून काढा. खानापूरच्या एका पोरीनं हे लिहिलं:

```
import numpy as np
dt = 0.001
t = np.arange(0, 5, dt)
f = t**2 + 1
d = np.zeros(len(t))
d[3000] = 1
print(np.sum(f*d)*dt)
```

उत्तर आलं 0.01. तिला वाटलं ग्रिड जाड आहे म्हणून असेल, म्हणून तिनं dt दहापट लहान केला, इंडेक्स 30000 केला, तर आलं 0.001. मला हाक मारून म्हणाली, "सर, बारीक करेल तसं उत्तर अजून बारीक होऊलंय, दहाच्या जवळ जायचं सोडून शून्याकडं चाललंय."

मला हे फार आवडलं, कारण बहुतेकजण 0.01 बघून कुठंतरी 1000 नं गुणून मोकळे होतात, हिनं dt बदलून उत्तर कुठल्या दिशेनं जातंय ते बघितलं.

शेजारच्या बाकावरचा पोरगा लगेच म्हणाला, "मग शून्यच बरोबर आहे की. मॅथ्सला शिकवलंय, एका पॉइंटची किंमत बदलली तर इंटिग्रल बदलत नाही." आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. 0 ते 5 मध्ये नुसत्या t² + 1 चं इंटिग्रल 46.67 येतं. आता t = 3 ला त्याची किंमत 10 ऐवजी 500 करा, नाहीतर पाच लाख करा, उत्तर 46.67 च राहणार, कारण त्या एका बिंदूला रुंदी नाही, आणि उंची कितीही मोठी असली तरी शून्य रुंदीनं गुणली की शून्य. साधं फंक्शन असंच असतं, त्याचं इंटिग्रल पूर्ण पट्ट्यातनं थोडं थोडं गोळा होतं, कुठल्या एका क्षणाला तिथं भाव नाही.

तिसऱ्यानं डोकं लढवलं. δ त्या ठिकाणी इन्फिनिटी असतो ना, मग 1 च्या जागी 1e9 घालू. उत्तर आलं एक कोटी. 1e12 घातलं तर अजून हजारपट. इथं पूर्ण लॅब गप्प झाली, कारण "तीनला इन्फिनिटी, बाकी सगळीकडं शून्य" हे पाठ केलेलं वाक्य कामाला येत नव्हतं. येणारच नाही. 2δ पण तिथं इन्फिनिटीच आहे आणि 7δ पण, मग उत्तर 10 यायचं की 20 की 70 हे त्या वाक्यातनं कळणार कसं? इन्फिनिटी हा मोजायचा आकडाच नव्हे. मोजायचं ते क्षेत्रफळ, आणि ते 1 आहे.

मग बोर्डावर 3 च्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली एक आयताकृती पल्स काढली, रुंदी ε, उंची 1/ε, म्हणजे क्षेत्रफळ कायम 1. t² + 1 ला या पल्सनं गुणून इंटिग्रेट केलं की मिळतं त्या पट्टीतलं t² + 1 चं सरासरी मूल्य, आणि ते हातानं काढलं तर नेमकं 10 + ε²/12 येतं. ε = 1 ला 10.083, ε = 0.1 ला 10.0008. रुंदी कमी होईल तसं ते 10 ला जाऊन टेकतं, कारण पट्टी इतकी अरुंद होते की तिच्या आत t² + 1 ला बदलायला जागाच उरत नाही, 3 जवळ तो 10 च असतो आणि 10 गुणिले क्षेत्रफळ 1. सिफ्टिंग म्हणजे एवढंच. उंची वाढते आणि रुंदी कमी होते या दोन गोष्टी एकमेकांना बांधलेल्या आहेत, त्या पोरीच्या कोडमध्ये रुंदी dt होती आणि उंची एकाला अडकून बसली होती.

तिला एवढं पुरलं. `d[3000] = 1/dt` केलं, 10 आलं, dt आणि त्याबरोबर इंडेक्स बदलून बघितला तरी 10 च. वर म्हणाली, "म्हणजे t सेकंदात असेल तर δ चं युनिट एक भागिले सेकंद?" हो, तसंच, आणि हे मी सांगायच्या आधी तिनं सांगितलं याचा मला त्या दिवशी खरंच आनंद झाला.

भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकनं हे वापरात आणलं तेव्हा त्यानंही याला नेहमीचं फंक्शन मानलं नव्हतं (त्याची पहिली डिग्री इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची, हे पोरांना सांगितलं की चेहरे खुलतात). पक्का गणिती पाया नंतर श्वार्ट्झ या गणितज्ञानं घातला, त्याला 1950 मध्ये फील्ड्स मेडल मिळालं. त्या पायावर δ ची किंमत विचारायचीच नसते, इंटिग्रलच्या आत शेजारच्या फंक्शनचं तो काय करतो तेवढंच विचारायचं.

मग मी δ(t − 3) काढून δ(2t − 6) लिहिलं. सगळे म्हणाले 10, कारण 2t − 6 शून्य होतो 3 लाच. परत पल्स काढायला लावली. उंची तीच 1/ε, पण 2t − 6 हे t च्या दुप्पट वेगानं पळतंय, त्यामुळं पल्स t वर मोजली तर ε/2 एवढीच रुंद. क्षेत्रफळ अर्धं झालं, उत्तर 5. परीक्षेत इथंच मार्क जातात, आणि पल्स एकदा हातानं काढली असेल तर जात नाहीत.

लिमिट 0 ते 2 केलं तर शून्य, कारण 3 त्या हद्दीत येतच नाही, इथं कुणी अडलं नाही. पण शेवटी तो शून्यवाला पोरगा उठला, "सर, वरचं लिमिट बरोबर 3 ठेवलं तर?" पल्स 3 च्या दोन्हीकडं सारखी असेल तर अर्धीच आत येते, उत्तर 5. पूर्ण डावीकडं असेल तर 10, पूर्ण उजवीकडं असेल तर 0. तिन्ही पल्स अरुंद होत होत δ च होतात, तरी उत्तरं तीन. म्हणजे नुसतं लिहून त्या इंटिग्रलला अर्थ येत नाही, कुठली बाजू धरायची ते आधी ठरवावं लागतं. 3 ला उडी मारणाऱ्या फंक्शनची पण हीच गत, म्हणून तर सिफ्टिंगला त्या बिंदूशी फंक्शन कंटिन्युअस लागतं. लाप्लास ट्रान्सफॉर्ममध्ये खालचं लिमिट 0⁻ लिहितात ते यासाठीच, शून्यावरचा इम्पल्स पूर्णच्या पूर्ण आत यावा म्हणून. त्यानं वहीत मागं जाऊन आपल्या लाप्लासच्या गणितांत 0 च्या डोक्यावर ती छोटी वजाबाकीची खूण घालायला सुरुवात केली.