जीआरईचे स्कोअर पाठवताना: चार फुकट, एक वाया

अमेरिकेतल्या विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी असलेली जीआरई ही परीक्षा मी दोनदा दिली. पहिल्यांदा 24 ऑगस्ट 2024 ला आणि मग 5 ऑक्टोबरला. अभ्यासाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते सोडते. माझी खरी धांदल पेपर संपल्यानंतर उडाली.

शेवटचा प्रश्न सोडवला की स्क्रीन आधी एकच विचारते: स्कोअर ठेवायचा की रद्द करायचा? हे आकडे दिसण्यापूर्वीच ठरवावं लागतं. ठेवायचा म्हटलं की व्हर्बल म्हणजे भाषेचे आणि क्वांट म्हणजे गणिताचे कच्चे आकडे लगेच समोर येतात, निबंधाचे गुण मात्र नंतर कळतात. पुढचा प्रश्न असतो तो विद्यापीठांचा. परीक्षेच्या शुल्कातच चार विद्यापीठांना स्कोअर पाठवणं धरलेलं असतं, पण ती चार नावं त्याच वेळी द्यावी लागतात. केंद्रातून बाहेर पडलात की तो हक्क संपला. नंतर प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे पैसे, माझ्या वेळी 35 डॉलर.

ऑगस्टमध्ये माझे आकडे आले व्हर्बल 153, क्वांट 163. क्वांट मला आणखी हवं होतं आणि पुन्हा बसायचं जवळजवळ तिथेच ठरलं. मग चार ठिकाणी हा स्कोअर पाठवायचा का? हिशेबाने 140 डॉलरची सोय सोडून द्यायची, म्हणून हात अडखळला. पण फुकट मिळतंय म्हणून नको असलेला स्कोअर पाठवला, तर तो त्या विद्यापीठाच्या दप्तरी जमा होतो. नंतरचा चांगला स्कोअर आला तरी आधीचा त्यांच्याकडे राहतोच. मी कुणालाच पाठवला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये व्हर्बल 151, क्वांट 168. या वेळी स्क्रीनवर निवड होती `Most Recent` किंवा `All`, म्हणजे फक्त आजचा स्कोअर किंवा गेल्या पाच वर्षांतले सगळे. जुन्यातला एखादाच निवडण्याची सोय परीक्षेच्या दिवशी नसते. ती `Any` नावाने नंतर पैसे भरून पाठवतानाच मिळते. मी आजचाच घेतला. विद्यापीठाला फक्त आपण पाठवलेला स्कोअर दिसतो, आपण आधी कितीदा बसलो याची खूण त्या अहवालात नसते. (काही विभाग सगळे स्कोअर मागतात, तेव्हा त्यांच्या पानावर एकदा पाहून घ्यावं.) आणि बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो तो असा की एका दिवसाचं व्हर्बल आणि दुसऱ्या दिवसाचं क्वांट जोडून पाठवता येतं. तसं नाही. एका तारखेचा स्कोअर पूर्ण जातो, त्यातले तुकडे निवडता येत नाहीत. एखादा विभाग स्वतःच्या हिशेबात दोन्ही दिवसांचे चांगले आकडे घेत असेल तर तो त्यांचा प्रश्न, पण त्यासाठी दोन्ही तारखा त्यांच्याकडे जायला हव्यात.

आता माझी चूक. विद्यापीठ निवडायचं म्हणजे आधी देश, मग राज्य, मग लांबलचक यादी. दोन तास परीक्षा दिलेलं डोकं आणि टेक्सासची ती यादी! युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या प्रत्येक शाखेचा चार आकडी कोड वेगळा आहे: ऑस्टिन 6882, डॅलस 6897, आर्लिंग्टन 6013. मला डॅलस हवं होतं, मी आर्लिंग्टन निवडून पुढे गेले. घरी आल्यावर पावतीवर पाहिलं तर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एकदा दिलेली विनंती बदलता येत नाही, रद्दही होत नाही. म्हणून कोड आधी पाठ करून जा. कागद आत नेता येत नाही, पण चार आकडे चार वेळा घोकणं काही कठीण नाही. विभाग यादीत सापडला नाही तर मात्र जीव घाबरा करू नका, 'विभाग यादीत नाही' हा पर्यायही चालतो. विद्यापीठाचा कोड बरोबर हवा.

माझ्या यादीत सात विद्यापीठं होती. फुकटच्या चारांपैकी तीन जागी लागली. उरलेल्या चारांपैकी दोघांनी स्पष्ट लिहिलं होतं की अर्जात आकडे स्वतः भरा, अधिकृत स्कोअर प्रवेश मिळाल्यावर पाठवा. त्यांना आत्ता पाठवणं म्हणजे 70 डॉलर आगाऊ गुंतवणं, म्हणून थांबले. राहिले दोन: डॅलस आणि सार्वजनिक धोरणाचा एक अभ्यासक्रम. या दुसऱ्याला माझं ऑगस्टचं व्हर्बल जास्त उपयोगी वाटलं असतं, क्वांट ऑक्टोबरचं. पैसे विद्यापीठामागे लागतात, तारखांमागे नाही, त्यामुळे `Any` घेऊन दोन्ही तारखा एकाच 35 डॉलरमध्ये पाठवल्या.

वेळेचा अंदाज मात्र माझा चुकला. ऑक्टोबरचा अधिकृत स्कोअर खात्यात नवव्या दिवशी आला, फुकटचे तीनही त्याच सुमारास गेले. पैसे भरून पाठवलेले साधारण पाच कामाच्या दिवसांत निघतात असं धरून मी 22 नोव्हेंबरला, शुक्रवारी, विनंती केली. त्या आठवड्यात 28 तारखेला अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणजे कामाचे दिवस कमी. डॅलसच्या अर्जाच्या पोर्टलवर स्कोअर मिळाल्याची खूण लागली 9 डिसेंबरला, धोरणवाल्यांकडे 11 ला. मुदत 15 ची. तो शेवटचा आठवडा मी दिवसातून सहा वेळा पोर्टल उघडण्यात घालवला.

खरा गोंधळ वेगळ्याच ठिकाणी झाला, तेही फुकटच्या तिघांपैकी एकाकडे. स्कोअर ऑक्टोबरमध्येच पोचला होता, मी अर्ज भरला नोव्हेंबरमध्ये, तरी पोर्टल म्हणे 'मिळाला नाही'. जीआरईच्या नोंदणीत माझं नाव पासपोर्टप्रमाणे मधल्या नावासकट होतं, अर्जात मी मधलं नाव गाळलं होतं. स्कोअर येतो तो संगणकीय फाइलमधून, आणि तो नाव व जन्मतारखेवरून अर्जाला जोडला जातो. माझा न जुळल्यामुळे तसाच पडून होता. मी घाईत पुन्हा 35 डॉलर भरणार होते. दुसऱ्यांदा पाठवला असता तरी तोही तसाच न जुळता पडला असता! एका सीनियरने अडवलं. त्याऐवजी प्रवेश कार्यालयाला मेल केला, त्यात जीआरईचा नोंदणी क्रमांक, परीक्षेची तारीख, जन्मतारीख आणि नावातला फरक लिहिला, सोबत खात्यातून उतरवलेली स्कोअरची पीडीएफ जोडली. चौथ्या दिवशी खूण लागली.

मुदतीबद्दल त्याच मेलमध्ये आणखी एक विचारून घेतलं होतं: परीक्षा मुदतीआधी दिलेली असणं पुरेसं आहे, की स्कोअर मुदतीआधी पोचायलाच हवा? त्यांच्याकडे पहिलं चालत होतं. धोरणवाल्यांकडे नेमकं दुसरं.

मार्चमध्ये त्या 'नंतर पाठवा' वाल्यांपैकी एकाकडून प्रवेशाचं पत्र आलं, तिथे ऑक्टोबरचा स्कोअर पाठवला. एकूण खर्च 105 डॉलर, त्यातले डॅलसचे 35 आर्लिंग्टनच्या चुकीच्या नावे.